बी की आठ?

परवा भर दुपारी मी स्वतःच्याच गच्चीवर, सोलर पॅनलच्या खाली उताणा पडून, मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात एक स्टिकर वाचत होतो. महिना मे, वय 61. बाहेर उभे असलेले वीज कंपनीचे साहेब विचारत होते, "बी आहे की आठ?" आणि शेजारच्या गच्चीवरून अण्णा ओरडत होते, "चष्मा घाला, चष्मा!"

चष्मा घातलेलाच होता. घामाने तो कपाळावर सरकला होता, एवढंच.

प्रकरण साधं आहे, म्हणजे जाहिरातीत साधं आहे. पीएम सूर्यघर योजना, 2024 पासूनची. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे 78,000 रुपये सबसिडी. पुढे कितीही मोठी यंत्रणा लावा, आकडा तिथेच थांबतो. मी 540 वॅटचे सहा पॅनल घेतले. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला, वीजबिल चढवलं. गच्चीच्या मालकीसाठी घरपट्टीची पावती काढून ठेवली. दहा किलोवॅटच्या आत असल्यामुळे तांत्रिक मंजुरी आपोआप मिळते, तशी ती मिळालीही. मला वाटलं, झालं.

तेव्हा 'ए' निघाला. बिलावर इंग्रजीत माझं नाव 'दत्तात्रय' आहे, आधारवर आणि बँकेत शेवटी एक 'ए' जास्त आहे. उच्चार एकच, माणूस एकच, पण सबसिडी ज्याच्या खात्यात जायची त्याचं नाव बिलाशी जुळायला हवं. सोलरवाल्याचा पोरगा म्हणाला, "काका, आत्ताच दुरुस्त करून घ्या, शेवटी पैसे तिथंच अडकतात." पोरगा चोवीस वर्षांचा असेल, पण हे वाक्य त्याने पन्नाशीतल्या वकिलासारखं उच्चारलं. अर्ज दिला, आधारची प्रत जोडली, पुढच्या बिलाची वाट पाहिली. एका 'ए'साठी अख्खा फेब्रुवारी गेला. आईने बारशाला एवढा विचार केला नसेल.

पॅनल एप्रिलमध्ये बसले आणि पुढे तेवीस दिवस नुसते तापत राहिले. नेट मीटर बसल्याशिवाय चालू करायचे नाहीत. जुन्या मीटरला वीज आली काय नि गेली काय, फरक कळत नाही; आपण बाहेर दिलेलं युनिटही तो आपल्याच नावावर वापर म्हणून मोजू शकतो. म्हणजे उपकार आपण करायचे आणि बिलही आपणच भरायचं. (हे मला नवीन नव्हतं, मी दोन भाच्यांची लग्नं लावली आहेत.) नवा मीटर तपासणीसाठी प्रयोगशाळेत होता. तेवढ्या काळात बायकोने पॅनलच्या शेजारी कुरडया वाळवल्या. गच्चीवरच्या सौरऊर्जेचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

मग फोटो. ग्राहक पॅनलसोबत उभा असलेला, त्यावर अक्षांश-रेखांश उमटलेले, असा फोटो लागतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. पोरगा म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, आकडे झाकले जातायत." पहिल्या फोटोत मोबाईलने आमचं घर मागच्या ओढ्यात दाखवलं. चौथ्या फोटोत घर जागेवर आलं, पण मी डोळे मिटलेले. तोच चढवला. "तुमचं तोंड कोण बघतंय?" हे तो मनापासून, काहीही दुखावण्याचा हेतू नसताना म्हणाला.

आणि परवा तपासणी. साहेब वेळेवर आले, हे आधी सांगतो, नाहीतर माझ्यावर आकसाचा आरोप येईल. त्यांनी अर्थिंगचे खड्डे पाहिले, वीजरोधकाची तार ओढून पाहिली आणि मग सिरीयल नंबरांची यादी काढली. सबसिडीसाठी पॅनल तर भारतीय हवेतच, पण त्यातले सेलही भारतातच बनलेले हवेत. त्याच्या दाखल्यावर एकेका पॅनलचा नंबर असतो. स्वस्तातले परदेशी सेल लावून सबसिडी उचलू नये म्हणून ही जुळवाजुळव. तत्त्व मला मान्य आहे. पाच नंबर जुळले. सहाव्यात यादीवर आठ आणि दाखल्यावर 'बी'. काचेच्या आतला नंबर पार वरच्या कडेला, तोही धुळीने पुसट. साहेब म्हणाले, "पाठीमागचा स्टिकर बघावा लागेल."

पोरगा तेव्हा खाली मीटरपाशी गेला होता. साहेबांचं पोट पाहता त्यांना सांगणं अशक्य होतं. आमचे पॅनल मागे दोन फूट आणि पुढे अर्धा फूट उंच. मी शिरलो.

इथे अण्णांचा परिचय करून द्यायला हवा. निवृत्त एसटी कंट्रोलर. चाळीस वर्षं गाड्या फलाटावर लावल्या, त्यामुळे कुणी कुठेही मागे सरकत असलं की सूचना द्यायची त्यांना सवय. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, बास!" मी बास झालो. डोकं खांबावर आपटलं.

"काय दिसतंय?" साहेब.

"बी वाटतोय."

"वाटतोय नको. आहे का?"

"अहो, माझ्या काळात तिकिटावर असा घोटाळा झाला तर," अण्णा सुरू झाले, "आम्ही प्रवाशाला विचारायचो. पॅनलला काय विचारणार?"

मी मोबाईल आत धरून फोटो काढला. 'बी'च होता. यादी टाईप करताना पोरगा चुकला होता. साहेबांनी दुरुस्ती लिहिली आणि मी सरपटत बाहेर आलो. शर्टावर वॉटरप्रूफिंगचा पांढरा पट्टा उमटला होता, तो धुऊनही निघालेला नाही.

शेवटची चाचणी खाली. साहेबांनी मेन स्विच बंद केला, पॅनलची वीज घरात आणणारा इन्व्हर्टरही लगेच बंद पडला. साहेब खूश. अण्णा तोवर जिना उतरून आमच्याकडे आलेच होते, ते हादरले.

"म्हणजे लाईट गेली की हेही बंद?"

"हो. खांबावर वायरमन काम करत असेल, तर तुमच्या घरातून उलटा करंट जाऊन त्याला झटका बसेल. म्हणून मुद्दाम बंद पडतं."

"डोक्यावर सूर्य आणि घरात अंधार?"

"बॅटरीवाली यंत्रणा वेगळी असते. ही नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं ते बस सुटलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं. स्विच पुन्हा चालू केला, इन्व्हर्टर गप्प. पुरवठा स्थिर आहे की नाही हे तो आधी पाहून घेतो, त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. साहेब, पोरगा, अण्णा, बायको आणि मी असे पाचजण एका डब्याकडे पाहत उभे. "गेला वाटतं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती. मग हिरवा दिवा लागला.

साहेबांनी अहवाल चढवला. कमिशनिंगनंतर खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक द्यायचा, तीस दिवसांत पैसे. आज दुसरा दिवस. चेकवरचा 'ए' मी भिंगातून दोनदा पाहिला आहे.

काल संध्याकाळी अण्णा आले. त्यांनीही अर्ज भरलाय. चहा संपवून म्हणाले, "आमच्याकडे तपासणी आली की जरा याल का? मला आता वाकवत नाही. आणि तुम्हाला सराव आहे."