पहिल्या फोनवर अडखळणं लपवायचं?

आमच्या इंदूरच्या मराठी वधू-वर ग्रुपवर फिरणारा सल्ला: “बोलताना अडखळत असाल तर पहिल्या फोनवर ते कळू देऊ नका, लग्न जमल्यावर सांगा. दीर्घ श्वास घ्या, सावकाश बोला. आणि समोरच्याने शब्द पुरवून मदत करावी.”

लपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? अडणारा शब्द टाळून दुसरा घ्यायचा. माझा मावसभाऊ यात तरबेज होता. सराफ्याच्या खाऊगल्लीत त्याला हवा असायचा भुट्ट्याचा कीस, पण ‘भ’ अडेल म्हणून मागायचा दहीवडा. खाण्यात हे खपतं. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो, म्हणून अनेकांचं घोडं तिथेच अडतं. एका मुलीला त्याने फोन केला, “मी” म्हणाला आणि पुढे शांतता. तिने दोनदा “हॅलो, आवाज येत नाहीये” म्हटलं आणि फोन ठेवला. चेहरा दिसत नसल्यामुळे फोनवर अडलेला शब्द आणि गेलेलं नेटवर्क सारखंच वाटतं.

पुढच्या स्थळाच्या वेळी त्याने आधी मेसेज टाकला: “मी बोलताना अडखळतो. मध्येच शांत झालो तर लाइन चालूच असते, शब्द अडकलेला असतो. थोडं थांबा, येतो.” यात कुठेही माफी नाही, आणि ते बरंच झालं. ‘सॉरी’ने सुरुवात केली की ऐकणाऱ्यालाही वाटतं, काहीतरी चुकलंय. शिवाय अडखळणं रोज सारखं नसतं. काल घडाघडा बोललेला माणूस आज भेटीत अडतो, आणि आधी सांगितलं नसेल तर मुलगी विचारात पडते की हा काही लपवतोय का.

श्वासाचं म्हणाल तर शब्द अडतो तेव्हा हवा कमी पडलेली नसते. घसा, जीभ किंवा ओठ घट्ट आवळलेले असतात. छातीभर श्वास घेऊन तो रोखून धरला तर आवळणं वाढूही शकतं. सावकाश बोलल्याने अडखळणं कमी होतं हे खरं. पण गप्पा रंगल्यावर तो वेग टिकवणं कठीण, आणि समोरून “सावकाश, घाबरू नका” आलं की लक्ष बोलण्यावरून जिभेवर जातं. त्यापेक्षा ऐकणाऱ्याने स्वतः संथ बोलावं आणि आपलं उत्तर एक क्षण थांबून द्यावं. मग घाई कोणालाच राहत नाही.

शब्द पुरवण्यात अडचण अशी की अंदाज बरेचदा चुकतो. तो “मला म… म…” म्हणतो, ती “मुंबई?” विचारते, त्याला म्हणायचं असतं महेश्वर. आता आधी ‘नाही’ म्हणायचं आणि तोच ‘म’ पुन्हा सुरू करायचा. तरी सरसकट नियम नको, काहींना मदत हवीही असते. त्या दुसऱ्या मुलीने सरळ विचारलं, “अडलात तर थांबू की सांगू?” तो म्हणाला, “दुकानात मागे रांग असेल तर सांगा. आपण दोघंच बोलत असू तेव्हा थांबा, आणि नजर वळवू नका.”