सोमवार आला की पोटात गोळा

आज परत तेच. सकाळी पावणेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, "आज जमत नाहीये गं, सांभाळून घ्या." सांभाळून घ्या म्हणे! वॉर्डात 28 पेशंट, ड्युटीवर तिघी लावलेल्या, आल्या दोघी. म्हणजे नऊ-दहाऐवजी चौदा-चौदा पेशंट, आणि ते तरी सारखे असतात का, माझ्याकडे आज दोन ऑपरेशनचे आणि एकाला रक्त लावायचं होतं. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नसतं, रिअ‍ॅक्शन आली तर बहुतेक वेळा तेव्हाच कळते. आणि नेमकं तेव्हाच सात नंबरची सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं, नातेवाईक दारातून ओरडतायत, "सिस्टर, किती वेळ झाला बोलावतोय!" माझी जोडीदारीण तिकडे ड्रेसिंगमध्ये अडकलेली. कुठे कुठे धावू मी?

न आलेल्या तिसरीवर राग आहे का? आहेच. पण तिच्या सासूबाईंचं डायलिसिस आहे, सोमवार आणि गुरुवार, हे सगळ्या वॉर्डाला माहितीये. अहो मग दिवस ठरलेलेच आहेत ना! ड्युटी लावतानाच तिला त्या दिवशी दुपारची द्या नाहीतर ऑफ टाका आणि सकाळी दुसरी कोणी लावा. पण नाही, इन्चार्ज सिस्टर दर आठवड्याला तिचं नाव सकाळीच लिहिणार आणि ती आली नाही की आम्हालाच "तुम्ही दोघी हुशार आहात" म्हणणार. हुशारी गेली चुलीत, माझा ऑफ गेल्या महिन्यात दोनदा कापला, तो कुठे लिहिलाय? इन्चार्जच्या पर्समधल्या डायरीत. रजिस्टरमध्ये नाही.

आणि खरं सांगू, चूक आमचीपण आहे. दहाचं अँटिबायोटिक आम्ही पावणेअकराला देतो आणि चार्टवर दहाच टाकतो, ताप, नाडी, श्वासाचा टीपीआर दुपारी एक वाजता बसून भरतो. हे चूक आहे हे काय आम्हाला माहीत नाही? पण मग पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना कागद कसे चकाचक, मेट्रन बघतात, वॉर्ड दोघींत मस्त चाललाय, तिसरी हवीच कशाला! आपणच आपल्या हाताने पुरावा पुसतोय.

आज नाही पुसला. इंजेक्शन 10:50 ला दिलं, 10:50 च लिहिलं. ओव्हरच्या वहीत वर लिहिलं, 28 पेशंट, स्टाफ 3 पैकी 2, रक्त 1, ऑपरेशनचे 2. खाली सही.

इन्चार्जने वही बघितली, चष्मा वर केला, "हे असं लिहायची काय गरज होती?"

म्हटलं, "सिस्टर, गुरुवारीपण लिहिणारे."