आधी मीठ, मग लिंबू

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार व्हायला कुणी तयार नव्हतं. सभेत मी पाणी प्यायला उठलो, तो हात वर केला असं समजून टाळ्या पडल्या.

काम एवढंच होतं: वर्षातून एकदा 47 सभासदांच्या खात्यांतून प्रत्येकी 36 युरो वर्गणी वळती करायची. सगळ्यांची सह्यांची संमतीपत्रं फायलीत होती, नावं आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, सुमेधाताईंच्या एक्सेलमध्ये होते. बँकेच्या संकेतस्थळावर एक एक नोंद टंकणं जिवावर आलं. तिथेच "फाइल अपलोड करा" असं बटण दिसलं आणि मी भाबडेपणाने एक्सेलची फाइल तिथे टाकली. बँकेला एक्सेल नको होतं. तिला `pain.008` नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहितीवर नावाची चिठ्ठी लावलेली मजकुराची फाइल, हवी होती. त्यातलं `pain` म्हणजे पेमेंट्स इनिशिएशनचं लघुरूप आहे, असं नंतर कळलं. तोवर मी तो शब्द इंग्रजीतच समजून घेतला होता, आणि फार चुकलो नव्हतो.

एक्सएमएल कशी हवी ते सांगणारी वेगळी फाइल असते, तिला स्कीमा म्हणतात. ती वाचताना मला आजीच्या हातची पंगत आठवली. ताटात पदार्थ सगळे असून चालत नाही. आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर. कोशिंबीर आधी वाढलीत तर आजी ताट परत पाठवायची. स्कीमा ही तीच आजी. माझ्या एक्सेलमध्ये पहिला रकाना नावाचा, म्हणून मी प्रत्येक नोंदीत आधी सभासदाचं नाव लिहिलं. तपासणीच्या `xmllint` या साधनाने, लांबलचक उपसर्ग गाळले तर, असं सुनावलं:

```
Element 'Dbtr': This element is not expected.
Expected is ( PmtId ).
```

म्हणजे आधी व्यवहाराची खूण, मग रक्कम, मग संमतीपत्राचा तपशील, मग सभासदाची बँक, आणि मगच माणूस.

सभासदाची बँक हा प्रकार तर थोरच. आयबॅन दिल्यावर बँकेचा वेगळा कोड द्यायची गरज उरलेली नाही, पण स्कीमात ती जागा सक्तीची. मग तिथे काय लिहायचं? `NOTPROVIDED`. बायको माहेरी गेलेली असली की कमरेला सुपारी लावून पूजेला बसतात, तसं. आमच्या 47 ओळींत 47 सुपाऱ्या आहेत.

एक्सेलमध्ये एक्सएमएल निर्यातीची सोय आहे, हे ऐकून मी एक अख्खा शनिवार त्यात घालवला. स्कीमा एक्सेलला दाखवायची, तिच्या पानांवरून रकाने ओढून जुळवायचे आणि निर्यात म्हणायचं. एक्सेल म्हणालं, जमणार नाही. कारण स्कीमात गटही अनेक असू शकतात आणि प्रत्येक गटात व्यवहारही अनेक. यादीच्या पोटातली यादी एक्सेल निर्यात करत नाही. शिवाय "हे किंवा ते" असा पर्याय जिथे असतो, तिथेही ते हात वर करतं, आणि ही स्कीमा तशा पर्यायांनी भरलेली. शेवटी मी सुज्ञपणा सोडला आणि प्रत्येक ओळीशेजारी एक सूत्र लिहून एक्सएमएलचा तुकडा मजकूर म्हणूनच जोडून घेतला. वरचं डोकं आणि खालची शेपटी हाताने.

आता माझा लॅपटॉप इथलाच, एक्सेल जर्मन. त्यात 36 युरो म्हणजे `36,00`. स्कीमाला हवा `36.00`. तारीख मी नेहमीच्या सवयीने `YYYY-MM-DD` अशी मागितली, तर उत्तर आलं `YYYY-03-DD`. महिना तेवढा बरोबर! जर्मन एक्सेलला वर्ष `J` ने आणि दिवस `T` ने मागावा लागतो; `M` मात्र दोन्ही भाषांत मामाच्या घरचा. चालणारी सूत्रं अशी:

```
=TEXT(D2;"JJJJ-MM-TT")
=WECHSELN(TEXT(C2;"0,00");",";".")
=WECHSELN(B2;" ";"")
```

तिसरं सूत्र आयबॅनसाठी. लोक तो चार-चारच्या गटांत लिहितात, वाचायला बरा पडतो. स्कीमाला त्यातली एकही मोकळी जागा चालत नाही. एका सभासदाचा आयबॅन मात्र हे सूत्र लावूनही नापास होत होता. डोळ्यांना त्यातल्या जागा इतरांसारख्याच दिसत होत्या. `=LÄNGE(WECHSELN(B2;" ";""))` लावून अक्षरं मोजली, तर 22 च्या जागी 27 भरली. वेबपानावरून चिकटवलेल्या त्या पाच जागा साध्या नव्हत्या, न तुटणाऱ्या होत्या. त्यांचा कोड 160. जागेतही जात असते हे मला त्या दिवशी कळलं.

नावांचं सुमेधाताईंना फोन करून सांगावं लागलं. त्यांनी सगळी नावं देवनागरीत लिहिली होती.

"ताई, बँकेला फक्त साधी रोमन अक्षरं चालतात."

"मराठी मंडळ आहे ना आपलं? बँकेला सांग."

बँकेला सांगितलं नाही. नावं मीच बदलली. वर्गणीच्या कारणात ताईंनी "गणेशोत्सव & दिवाळी" लिहिलं होतं, तेही बदललं; एक्सएमएलमध्ये उघडं `&` पडलं की पुढचं वाचणंच थांबतं. `&amp;` लिहून स्कीमा खूश होते, पण सगळ्या बँकांत हमखास चालणारी अक्षरं मोजकीच आहेत आणि त्यांत हे चिन्ह नाही. मी 'आणि'साठी जर्मन `UND` लिहिलं.

तुकडे नोटपॅडमध्ये चिकटवले, तर प्रत्येकाला अवतरणचिन्हांचं कुंपण आणि आत `Ccy=""EUR""`. मी ओळी सुबक दिसाव्यात म्हणून सूत्रात नवी ओळ घातली होती. अशा खान्याला एक्सेल बाहेर पाठवताना अवतरणात गुंडाळतं आणि आतली अवतरणं दुप्पट करतं. सुबकपणा काढून टाकला. सगळं एका ओळीत, कुरूप, पण वैध. `xmllint` म्हणालं `validates`. रात्रीचा एक वाजला होता, मी बायकोला उठवून दाखवलं. तिने "छान" म्हटलं आणि कूस बदलली.

बँकेने फाइल परत पाठवली.

स्कीमा ताटाची मांडणी बघते, भाजीत मीठ आहे का ते नाही बघत. बँक बघते. फाइलच्या डोक्यात व्यवहार किती आणि बेरीज किती हे लिहावं लागतं. मी लिहिलं होतं 48 आणि `1728.00`. आत ओळी होत्या 47, बेरीज 1692. हा अठ्ठेचाळिसावा कोण? दोन वर्षांपूर्वी पुण्याला परत गेलेला एक सभासद. ताईंनी त्याला चाळणी लावून दडवलं होतं, पुसलं नव्हतं. कॉपी करताना दिसत्याच ओळी आल्या, पण `SUMME` दडलेल्यांनाही मोजत होतं. त्याच्या जागी दिसत्या ओळीच धरणारं `TEILERGEBNIS(9;C2:C49)` घातलं, मोजणीला 9 च्या ऐवजी 3, आणि गेलेला माणूस हिशेबातून खरोखर गेला.

फाइल चढली. ठरलेल्या दिवशी 1692 युरो जमा झाले. तीन दिवसांनी त्यातले 36 परत गेले, वर बँकेचं शुल्क मंडळाच्या माथी. परत घेणारे होते आमचे ज्येष्ठ काका. इथे आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता अशी वसुली परत फिरवता येते.

"काका, वर्गणी परत का घेतलीत?"

"ती तुझी होती होय? खात्यावर काहीतरी 'उंड दिवाळी' दिसलं. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय. तू एक काम कर, गणपतीला भेटू तेव्हा रोख घे. आणि पावती हाताने लिही, मला ते कॉम्प्युटरचं काही कळत नाही."