ताई, निदान बडे बाबूंसमोर तरी नको

ताईस साष्टांग नमस्कार.

साष्टांग यासाठी, की मागणी मोठी आहे. घरात, वावरात, लग्नाच्या पंगतीत तू मला खुशाल ढेमस्या म्हण. फक्त पंचायत समितीच्या फाटकाच्या आत म्हणू नको. मी इथे नवा आहे. अजून माझी खुर्ची ठरलेली नाही, पण नाव ठरत चाललंय.

तू म्हणशील, मी तर तुझ्या ऑफिसची पायरीही चढले नाही, मग माझ्यावर काऊन खार खातो? ऐक. तुझ्या मोबाइलात माझा नंबर ‘ढेमस्या’ म्हणून सेव्ह आहे. व्हॉट्सॲपवरून कॉन्टॅक्ट पाठवला, की पाठवणाऱ्याच्या फोनात जे नाव असेल तेच नंबरासोबत जातं. घरकुलाच्या हप्त्याची चौकशी करायला तू शेजारच्या काकाजींना तो पाठवलास. त्यांनी तो जसाच्या तसा सेव्ह केला आणि त्यांना ते माझं आडनाव वाटलं. भला माणूस! खिडकीशी येऊन अदबीनं विचारता झाला, “ढेमस्या सायेब कुठी बसते जी?” खरं नुकसान त्या ‘सायेब’नं केलं. नुसता ढेमस्या असता तर गावचा कोणी पोट्टा म्हणून विषय मिटला असता. बडे बाबूंनी चष्मा कपाळावर चढवून हॉलभर नजर फिरवली. मीही फिरवली, कारण अशा वेळी खाली मान घालून बसणाराच नेमका सापडतो.

तर पहिलं काम फोनचं. माझा कॉन्टॅक्ट उघड, पेन्सिलीची खूण दाब, नाव खोड आणि ‘भाऊ पंचायत समिती’ लिहून सेव्ह कर. हे आधी, मगच कोणाला नंबर पाठवायचा. नंतर तुझ्याकडे नाव बदललं तरी आधी गेलेलं नाव बदलत नाही. पाठवलेला मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतो, पण समोरच्यानं तोवर सेव्ह केलं असेल तर त्यानं काही होत नाही. म्हणून काकाजींकडे चहाला जा आणि त्यांच्या फोनातलं नाव तिथंच बसून बदलून ये. ‘भाऊ’च लिही. आपल्याकडे भाऊ कोणालाही म्हणतात, त्यावरून बडे बाबूंना काही खोदून काढता येणार नाही.

दुसरं काम जिभेचं, आणि ते अवघड आहे. फोन केलास की आधी विचार, “एकटा आहेस का?” मी “हो मॅडम, फाइल पाहून सांगतो” म्हटलं, तर समजायचं की आजूबाजूला माणसं आहेत. तुझा आवाज असा आहे बाप्पा, की स्पीकर बंद असला तरी शेजारच्या टेबलापर्यंत जातो. बाजाराच्या दिवशी ऑफिसात आलीस आणि तोंडातून ‘ढे’ निघून गेलं, तर घाबरून थांबू नको. थांबलीस की सगळे पुढचं ऐकायला कान टवकारतात. तसंच पुढे रेट: “ढेप आणली का रे, गाय उपाशी आहे.” सरकीच्या ढेपेवर आपल्याकडे कोणी शंका घेत नाही, उलट भाव विचारतात. ‘ढेम’पर्यंत गेलीस तर मात्र ढेपेवर परतता येत नाही. तेव्हा ‘ढेमसे’ म्हणायचं आणि पिशवी वर करायची. त्यासाठी पिशवीत पाव किलो ढेमसे असलेले बरे. हा उपाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चालतो. ऐन थंडीत बाजारात ढेमसे फारसे दिसत नाहीत, तेव्हा तू फाटकाबाहेरच्या टपरीवर थांब, मी येतो.

आता डबा. आईनं भांड्याच्या दुकानात मशीननं नाव कोरून घेतलेला तोच स्टीलचा डबा तू माझ्यासाठी धाडलास. कोरलेलं नाव राखेनं घासून जात नाही, उलट खाचांत राख बसून अक्षरं जास्त ठळक होतात. पॉलिशवाल्याकडे दिलं तर तेवढाच भाग आरशासारखा चमकतो आणि लोक विचारतात, इथं काय होतं? सध्या मी झाकण उलटं ठेवून जेवतो. तो डबा तू परत ने आणि मोडीत घालून बिननावाचा घे. वरचे पैसे मी देतो. आईला सांगू नको.

भाचीचं काय करायचं, ते मला सुचत नाही. ती ‘ढेमस्यामामा’ म्हणते आणि तिला दटावलं की दुप्पट जोरात म्हणते. तिला काही समजावूही नको. फक्त चालू महिन्यात ऑफिसात आणू नको. पुढच्या महिन्यात बडे बाबू निवृत्त होतात.

तुझा,
भाऊ पंचायत समिती