‘यादी नसेल तर मी गप्पच बसेन’: एका प्रतिक्रियेला उत्तर

«मॅडम, ‘भेटीला बोलायच्या विषयांची तयारी करून जाऊ नका’ हे सांगायला सोपं आहे. ऑफिसमधली एक मुलगी मला आवडते, आणि तिलाही माझ्याशी बोलायला आवडत असावं. दोनदा एफ. सी. रोडला कॉफीला गेलो. तासाभरात मी इतका दमतो की घरी येऊन दिवाही न लावता पडून राहतो. फोनमध्ये विषयांची यादी आहे म्हणून निदान बोलणं तरी होतं. यादी नसेल तर मी गप्पच बसेन. आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मला जमत नाहीत, हा काय आजार आहे का? तुमचे सल्ले मुळात बोलक्या माणसांसाठी आहेत.»

यादी आजच्या आज पुसून टाका, असं मी म्हणत नाही. राहू दे ती फोनमध्ये. मात्र तुमचं दमणं गप्पांमुळे आहे, हे मला पटत नाही. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तुमच्या वयाच्या मुलामुलींशी बोलताना मी एक प्रश्न आवर्जून विचारते: ती बोलत होती तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं? उत्तर जवळपास तेच असतं. हात थरथरतोय का, चेहरा लाल झालाय का, पुढचा विषय कोणता, मगाशी बोललो ते बावळट वाटलं का. म्हणजे एका तासात तुम्ही दोन कामं करत होता. एक समोरच्या माणसाशी बोलण्याचं, दुसरं स्वतःवर पहारा ठेवण्याचं. माणूस दमतो तो या दुसऱ्या कामानं.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीची, म्हणजे सामाजिक चिंतेची, जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. चिंता वाटली की लक्ष आत वळतं. मग आपण कसे दिसतोय हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून न ठरवता आतल्या धडधडीवरून ठरवतो: छातीत एवढं होतंय म्हणजे तिलाही ते दिसतच असणार. काही वाईट घडू नये म्हणून आपण छोटे छोटे बचाव करतो. वाक्य मनात जुळवून मगच बोलायचं, कप दोन्ही हातांनी धरायचा, फक्त प्रश्न विचारायचे म्हणजे स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही. तुमची यादी याच जातीची. बचावाची गंमत अशी की तासभर नीट गेला तरी श्रेय त्यालाच जातं. ‘यादी होती म्हणून निभावलं’ असं वाटतं आणि यादीशिवाय काय झालं असतं, हे कधी कळतच नाही. तुम्ही गप्प बसाल, असं तुम्ही लिहिलंय. तो अजून अंदाज आहे, पडताळलेली गोष्ट नाही.

तो पडताळायची एक पद्धत या मांडणीवर आधारलेल्या उपचारात सुरुवातीच्या सत्रांतच वापरतात, आणि तिचं साधं रूप घरी करता येतं. तुम्हाला आवडणाऱ्या मुलीवर नाही, हे आधीच सांगते. ज्याच्यापुढे काही पणाला लागलेलं नाही असा माणूस निवडा. चुलत बहीण, जुना मित्र, जेवणाच्या सुट्टीत भेटणारा सहकारी. पाच मिनिटं नेहमीसारखं बोला: विषय आधी ठरवा, वाक्य मनात जुळवा, आपण कसे दिसतोय याकडे लक्ष ठेवा. नंतर लगेच लिहून ठेवा, शून्य ते शंभरमध्ये किती चिंता वाटली आणि ती समोरच्याला किती दिसली असेल. मग दुसरी पाच मिनिटं यातलं सगळं सोडून द्या. लक्ष त्याच्या बोलण्यात आणि आवाजात. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. पुन्हा तेच दोन आकडे लिहा. मग त्यालाच विचारा, कुठल्या वेळी मी जास्त घाबरलेला वाटलो आणि कुठल्या वेळी बोलायला मजा आली? थेरपिस्टकडे याचं व्हिडिओ चित्रीकरणही करतात, कारण मनातलं स्वतःचं चित्र आणि पडद्यावरचा माणूस यांत मोठा फरक निघतो.

पंचविशीतला एक इंजिनिअर मुलगा माझ्याकडे यायचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यानं हा प्रयोग मावसभावाबरोबर केला. पहिल्या पाच मिनिटांत चिंता सत्तर, ‘त्याला दिसली असेल’ ऐंशी. दुसऱ्या खेपेला चिंता पन्नासवर आली. बघा, शून्यावर नाही. मावसभाऊ म्हणाला, घाबरलेला तू दोन्ही वेळा वाटला नाहीस, पण पहिल्या वेळी माझं ऐकत नव्हतास, तुला कंटाळा आला असावा असं वाटलं. त्या मुलाला हलवलं ते या वाक्यानं. तो ज्याला तयारी समजत होता, ते बाहेरून बेफिकिरीसारखं दिसत होतं. त्याला जी मुलगी आवडायची तिनंही एकदा म्हटलं होतं, ‘तू माझ्याशी बोलताना कुठेतरी दुसरीकडे असतोस.’

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. समजा तुमची मैत्रीण म्हणाली, ‘शनिवारी रात्रीच्या गाडीनं भुसावळला जाऊन आले, आजीला बघायला.’ यादी सांगते पुढचा विषय प्रवास, म्हणून तुम्ही विचारता, ‘तुला पहाड आवडतात की समुद्र?’ तिच्या वाक्यात आजी होती, रात्रीची गाडी होती, भुसावळ होतं. तिघंही तिथेच राहिले. त्याऐवजी: ‘रात्रीची गाडी? मला गाडीत झोपच लागत नाही. आजी कशी आहे आता?’ यात तिनंच दिलेला शब्द उचललाय, स्वतःची एक छोटी खरी गोष्ट दिलीय आणि मग प्रश्न. मधला भाग गाळू नका. नुसते प्रश्न विचारत राहिलात तर ती मुलाखत होते, आणि समोरच्याला आपण उघडे पडलो, हा मात्र बंद, असं वाटतं. समोरच्याच्याच उत्तराला धरून प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, असं हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. नवीन विषय काढणाऱ्या प्रश्नांपेक्षा या मागोवा घेणाऱ्या प्रश्नांचा परिणाम मोठा होता. त्यांच्या अभ्यासात स्पीड डेटिंगच्या भेटीही होत्या, म्हणजे हे निव्वळ कार्यालयीन शिष्टाचाराबद्दल नाही. तुम्हाला नवीन विषय शोधायचेच नाहीत. पुढचा विषय तिच्या मागच्या वाक्यातच असतो, आणि तो ऐकायला लक्ष बाहेर लागतं.

तुमच्या यादीचं काय करायचं ते इथे ठरतं. ती भेटीच्या आधी एकदा वाचा, फोन बॅगेत टाका. मध्येच सुचेनासं झालं तर सरळ म्हणा, ‘थांब, मी विचार करतोय.’ हे बोलता येतं. सेकंद दोन सेकंदांची शांतता तुम्हाला आतून मिनिटभर वाटते, तिच्यासाठी तो कॉफीचा घोट असतो.

जागेबद्दल. एफ. सी. रोडवर संध्याकाळी टेबल मिळायला थांबावं लागतं, मिळालं की उठायची वाट बघणारे मागे उभे असतात, आणि गोंगाटात दोघं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत बसता. लक्ष आत वळायला याहून सोयीची मांडणी नाही. शेजारी शेजारी चालत बोललं की नजरेवर पाळत ठेवायची गरज राहत नाही आणि बाहेर बघण्यासारखं काहीतरी असतं. जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग किंवा सकाळच्या वेळची तळजाई टेकडी, दोन्हीकडे वर्दळ असते. मुद्दाम वर्दळ म्हणतेय. अंधार पडताना टेकडीवरच्या निर्जन वाटेनं नवीन ओळखीच्या मुलीला नेणं तिच्या दृष्टीनं बरं नाही, तिलाच जागा निवडू द्या. किती वेळ, हेही आधी सांगा: ‘पाऊण तास फिरून येऊ, साडेसहाला मला निघायचंय.’ शेवट ठाऊक असला की दमणं आटोक्यात राहतं.

तुम्ही नक्की विचाराल, चालणं आणि वेळ ठरवणं हेही बचावच नाहीत का? असू शकतात. ओळखायची खूण मी अशी सांगते: हे करताना लक्ष तिच्याकडे जास्त गेलं, की स्वतःवरचा पहारा वाढला? चालताना तुम्ही तिच्याकडे एकदाही बघत नसाल आणि सारखं घड्याळ पाहत असाल, तर तो बचाव झाला. तेव्हा महिन्याभरानं पुन्हा समोरासमोर बसून बघा, कमी गर्दीच्या वेळी.

दिवा न लावता पडून राहता असं लिहिलंय. त्या वेळी डोक्यात काय चालतं? बहुतेक, झालेल्या भेटीची उजळणी. मी असं का म्हणालो, ती मध्येच फोनकडे का बघत होती. ही उजळणी चिंतेच्या आठवणींवर चालते, म्हणून तिचा निकाल नेहमी तुमच्या विरुद्ध लागतो. २०१८ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी अनोळखी माणसांना बोलायला लावून नंतर विचारलं. आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज लोक खऱ्यापेक्षा कमीच करतात, असं निघालं, आणि लाजऱ्या माणसांत ही तफावत जास्त होती. तेव्हा घरी आल्यावर पडण्याआधी तिच्याबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहा, ज्या आज नव्यानं कळल्या. स्वतःबद्दल एकही नाही. तीन सुचल्या तर त्या तासात तुमचं लक्ष बाहेर होतं. एकही सुचली नाही, तर तुम्ही तो तास स्वतःबरोबर काढलात, आणि पुढच्या भेटीत काय बदलायचं ते कळलं. हे मोजमाप मला चिंतेच्या आकड्यापेक्षाही उपयोगी वाटतं.

तिला सांगावं का? एक वाक्य पुरेसं आहे, आणि ते भेटीच्या सुरुवातीला नको. ‘नव्या माणसांशी बोलताना मी थोडा थकतो, गप्प झालो तर कंटाळा आला असं समजू नकोस.’ सारखं सारखं माफी मागत राहिलात तर तिला प्रत्येक वेळी धीर द्यावा लागेल, आणि मग दोघंही दमाल.

आजाराचं विचारलंत. कमी बोलणं हा स्वभाव आहे, त्याला उपचार लागत नाही. पण या भीतीमुळे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ तुम्ही मीटिंगमध्ये बोलणं, फोन उचलणं, लग्नकार्याला जाणं टाळत असाल, किंवा भेटीच्या आधी पिऊन जावंसं वाटत असेल, तर ते सामाजिक चिंतेच्या विकारात मोडू शकतं आणि त्यावर उपाय आहेत. विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारा बोधात्मक वर्तन उपचार हा त्यातला पहिला. काहींना मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं औषधंही लागतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पुण्यात कुणाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा, लक्ष आत असताना आणि बाहेर असताना असा तुलनेचा प्रयोग तुम्ही करून घेता का, आणि व्हिडिओ दाखवता का. नुसतं ‘आत्मविश्वास वाढवा’ असं ऐकायला मिळालं, तर दुसऱ्या तज्ज्ञाला भेटा.