पाणी घातलं की पेटतो

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आईने हॉलमधून हाक मारली, "अरे, तुला दुकानदाराने फसवलाय, ह्या दिव्यांना वातच नाहीये." मी तेव्हा स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाची वायर प्लगपर्यंत पोचत नाही ह्या दरवर्षीच्या शोधात गुंतलो होतो, त्यामुळे नुसतं "हो हो, बघतो" म्हणालो आणि तिथेच चुकलो. कारण आईला "बघतो" म्हणणं म्हणजे तिला परवानगी देणं असतं हे मला पंचेचाळीस वर्षं माहितीय.

दहा मिनिटांनी खाली उतरलो तर आईने सात दिव्यांत तेल घातलेलं. तिळाचं.

आता हे दिवे म्हणजे ते हल्ली दादरला स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात ते, प्लास्टिकचे, वर खोटी ज्योत, आणि आत पाणी घातलं की आपोआप पेटतात. जादू वगैरे काही नाही, वाटीच्या तळाशी दोन बारीक धातूच्या पिना असतात, आत सेल आणि एलईडी. नळाच्या पाण्यात क्षार असतात त्यामुळे त्यातून थोडीशी वीज जाते, दोन पिना पाण्याने जोडल्या गेल्या की सर्किट पुरं आणि दिवा चालू. तेलातून वीज जात नाही. म्हणजे जगातला हा पहिला दिवा असेल जो तेल घातलं की पेटत नाही आणि पाणी घातलं की पेटतो. हे मी आईला समजावायला गेलो तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की बाळाला ताप आलाय का.

"दिव्यात पाणी घालायचं?" ती म्हणाली. "आणि फुंकर मारली की?"

"फुंकरीने काही होत नाही आई."

"मग विझवायचा कसा?" लगेच स्वतःचीच जीभ चावली, "म्हणजे शांत कसा करायचा." आमच्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात.

"पाणी ओतून टाकायचं."

हे ऐकून ती उठून आत गेली आणि मी तेल लागलेले सात दिवे सिंकमध्ये टाकले. पिनांवर तेलाचा पातळ थर बसला की नंतर पाणी घालूनही दिवा लागत नाही, थर काढावा लागतो, म्हणून भांड्याचा साबण लावून घासायला घेतले. घासताना नळ चालू, त्यामुळे ते एकेक करून सिंकमध्येच पेटायला लागले. दिवाळीच्या संध्याकाळी, सतराव्या मजल्यावर, कांदिवलीत, एक माणूस खरकट्या कढईशेजारी सात दिवे लावतोय. बायको दारात येऊन बघून गेली, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेवढ्यात बाथरूममधून आईचा आवाज, "माझ्या पणत्या कोणी हलवल्या का रे?" तर तिने दुपारीच पाच मातीच्या पणत्या बादलीत भिजत घातल्या होत्या. मला एकदम गिरगावची चाळ आठवली. तिकडे दिवाळीच्या आधी मोरीत बादलीभर पणत्या भिजत पडायच्या आणि आम्ही पोरं उकिडवं बसून त्यातून निघणारे बुडबुडे बघायचो. कोरी पणती पाण्यात सोडली की तिच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या रेघा निघतात, कारण मातीतल्या छिद्रांतली हवा बाहेर येते आणि पाणी आत जातं, ते थांबले की समजायचं पणतीचं पोट भरलं. मग काढून पालथी घालायची आणि वरचं पाणी सुकलं की तेल घालायचं. न भिजवता वापरली तर पणती स्वतःच तेल पिते, खाली फरशीवर गोल डाग आणि तासाभरात वात कोरडी. म्हणजे पाणी तेव्हाही लागायचंच की दिव्याला, फक्त आधी. हे मी आईला म्हणालो तर ती म्हणे हुशारी मारू नकोस, वाती वळ.

वात वळणं हा प्रकार मी विसरलो होतो. मी वळलेली पहिली वात सैल झाली, दुसरी जानव्यासारखी लांब. आईने हातातून घेतली, तळहाताला चिमूटभर रांगोळी लावून एका फिरकीत वळली, दोन वातींची एक केली (एकेरी वात वाऱ्याला टिकत नाही म्हणे) आणि टोक काठाच्या बाहेर तांदळाच्या दाण्याएवढंच ठेवलं. जास्त बाहेर काढलं की ज्योत मोठी दिसते पण काजळी धरते. मी हे सगळं एवढं लक्ष देऊन बघत होतो जेवढं मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये कधीच बघितलं नाहीये.

आणि मग बाल्कनीत नेऊन लावल्या आणि एका मिनिटात तीन गेल्या. चाळीची गॅलरी तीन बाजूंनी इमारतींनी वेढलेली असायची, वारा यायला घाबरायचा. इथे समोर थेट खाडीपर्यंत मोकळं, ब्रोकरने फ्लॅट विकताना "क्रॉस व्हेंटिलेशन" म्हणून सांगितलं होतं ते हे. पणत्या लिफ्टसमोर दाराबाहेर ठेवल्या तर कमिटीचा मेसेज की लॉबीत उघडी ज्योत ठेवू नये. शेवटी पाचही पणत्या दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या स्टँडजवळ. लक्ष्मी आलीच तर तिला आधी आमचे बूट दिसणार.

आठ वाजले. फटाक्यांची वेळ झाली, आणि हो, आता फटाक्यांना वेळ असते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाळीला रात्री ८ ते १० एवढेच दोन तास दिले, आणि २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने प्रदूषणावरून आधी ७ ते १० सांगितलं आणि चार दिवसांत ते ८ ते १० वर आणलं. मला काही तक्रार नाही, धुराने आईला दम लागतो. पण आमच्या लहानपणी वेळेचा नियम एकच होता, नरक चतुर्दशीला पहाटे चारला अंगाला उटणं लावायच्याही आधी पहिला बार आपल्या मजल्यावरून वाजला पाहिजे, त्यासाठी मी एकदा लवंगी उशीखाली घेऊन झोपलो होतो. आता पहाटे चारला उठतो ते बीपीच्या गोळीमुळे लघवीला, आणि सगळीकडे शांत असतं.

माझी मुलगी चिनू, वय नऊ, शाळेत फटाके न वाजवण्याची शपथ घेऊन आलीय, पण "पाऊस चालेल, तो वाजत नाही" अशी पळवाट तिने स्वतःच काढलीय, वकील होणार. म्हणून पावसाचा एक डबा काढला. हिरवा लोगो आणि क्यूआर कोड असलेला, ग्रीन फटाका. ह्या ग्रीन फटाक्यांची कृती नीरी ह्या सरकारी संस्थेने काढलीय, त्यात नेहमीच्या फटाक्यापेक्षा कणांचा धूर साधारण ३० टक्के कमी होतो. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'स्वास', तो जळताना पाण्याची वाफ सोडतो आणि ती वाफ धूळ धरून ठेवते. हे मी लिफ्टमध्ये आईला सांगितलं. "म्हणजे फटाक्यातही पाणी?" ती म्हणाली. "दिव्यात पाणी, फटाक्यात पाणी, आता फराळात तेवढं घालू नका."

फक्त एक घोळ होता, हा डबा मागच्या वर्षीचा होता. अख्खा पावसाळा माळ्यावर, गळक्या पाइपाच्या शेजारी.

फटाके सर्दावतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. चाळीत फटाके आणले की आधी दोन दिवस गच्चीवर पेपरवर पसरून उन्हात घालायचे, आणि कावळ्याला नाही तर दुसऱ्या मजल्यावरच्या पोरांना हाकलायला तिथे पहारा द्यायचा. फटाक्याची वात म्हणजे दोऱ्यात किंवा कागदात गुंडाळलेली बारीक दारूच, ती ओल धरते, मग सुरसुर करत अर्ध्यात जाते आणि थांबते. वात पोचली तरी आतली दारू ढेकळासारखी झालेली असते, ती एकदम पेट घेत नाही. पण आमच्या फ्लॅटला ऊन येतं सकाळी सात ते पावणेआठ, तेही मागच्या टॉवरच्या दोन विंग्जच्या फटीतून. बायको म्हणाली ड्रायर फिरवू का. तेवढं मात्र मी ठामपणे नाही म्हणालो, ओली दारू गरम हवेने वाळवणं म्हणजे दिवाळी हॉस्पिटलमध्ये.

खाली गेलो. फटाक्यांसाठी कमिटीने खडूने एक चौकोन आखून दिलेला, जनरेटरपासून लांब, वॉचमनकाका वाळूची बादली घेऊन उभे. मी पाण्याची बादली नेली, सुती शर्ट घातला, अगरबत्ती लांबीची निवडून घेतली. लहानपणी मी हेच काम बनियनवर, उदबत्तीचा उरलेला तुकडा बोटात धरून करायचो. पाऊस सपाट जागी ठेवला, टोपीचा कागद सोलला, हात लांब करून, तोंड बाजूला, वाकून वातीला अगरबत्ती टेकवली आणि पळालो. पळालो म्हणजे गुडघ्यातून आवाज आला. चिनूने विचारलं, "बाबा, तो वाजला का?"

पाऊस सुरसुरला. बोटभर सोनेरी ठिणग्या उडाल्या, फुलबाजीतसुद्धा असतो तसा लोखंडाचा कीस जळतो, त्याच्या. चिनूने टाळ्या वाजवायला हात वर केले. आणि पाऊस थांबला.

आता इथे जुना मी आणि नवा मी ह्यांच्यात पाच मिनिटं युद्ध चाललं. जुना मी म्हणत होता जा, पायाने हलवून बघ, परत पेटव. चाळीत आम्ही फुसके बार गोळा करून फोडायचो, त्यातली दारू कागदावर काढून पेटवायचो, आणि एका मित्राच्या भुवया त्यात गेल्या होत्या, तो दिवाळीभर आश्चर्यचकित दिसत होता. नव्या मीने हाताची घडी घातली. बरेचदा आत ठिणगी धुमसत असते, बाहेर काही दिसत नाही, आणि माणूस वाकला की नेमका तेव्हाच तो उडतो. मी पाच मिनिटं घड्याळ लावून उभा राहिलो, मग लांबून मग्याने पाणी ओतलं आणि मेलेल्या उंदरासारखा चिमट्याने उचलून बादलीत बुडवला. तीन पाऊस असेच गेले. चौथ्याचं मी वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "साहेब, पाणीच संपलं तुमचं."

नऊ पन्नास. शेजारच्या सोसायटीतून कोणीतरी भलामोठा आकाशात फुटणारा लावला, लाल, मग हिरवा, आणि आमचे सगळे माना वर करून बघत उभे, फुकटात. आई व्हीलचेअरच्या रॅम्पवर बसलेली. "आमच्या चाळीत असंच व्हायचं," ती म्हणाली. "तू दोन रुपयांच्या लवंग्या वाजवायचास आणि बघायचास मात्र समोरच्यांचे." मला हे अजिबात आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत समोरचे आमचे बघायचे.

वर आलो तर दाराजवळच्या पाच पणत्या आपापल्या शांत झाल्या होत्या, फरशीवर एकही डाग नाही. आईने त्या पणत्यांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

पाण्याचे दिवे मात्र बाल्कनीत जोरात. मी सगळ्यांतलं पाणी कुंडीत ओतलं आणि भांड्यांच्या रॅकमध्ये पालथे घातले. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर किचनमध्ये उजेड. एका दिव्याच्या दोन पिनांमध्ये थेंब अडकलेला, तो रॅकमध्ये उलटा, कुकरच्या झाकणाखाली निवांत जळत होता. मी पुसला, आपटला, त्यात फुंकर मारली (हो, मारली). आवाजाने आई बाहेर आली.

"आई, हा शांत होत नाहीये."

तिने थोडा वेळ बघितलं. "राहू दे," ती म्हणाली, "त्याचं पाणी सुकलं की होईल," आणि जाता जाता कुकरचं झाकण जरा बाजूला सरकवून गेली.