०.०१ सगळ्यांना चालत नाही

“लर्निंग रेट ०.०१ ठेवा, हजार फेऱ्या मारा, लॉस सपाट झाला की रेषा बसली. साध्या लिनिअर रिग्रेशनला एवढं पुरतं.”

ग्रेडियंट डिसेंटने, म्हणजे दर फेरीला थोडं थोडं सुधारत, रेषा बसवण्याबद्दलचा हा सल्ला दोन ठिकाणी फसतो. आधी ०.०१ चं, म्हणजे दर फेरीला किती मोठं पाऊल टाकायचं त्याचं, बघू. समजा चर्चगेटहून स्लो लोकलने १०, २० आणि ३० किलोमीटर जायला २५, ४५ आणि ६५ मिनिटं लागतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल आकडे घेतलेत. रेषेचं सूत्र `y = w*x + b`, त्यात x म्हणजे किलोमीटर, y म्हणजे मिनिटं, आणि खरं उत्तर w = २, b = ५. लॉस म्हणजे चुकांच्या वर्गांची सरासरी.

सुरुवात w = ०, b = ० पासून. चुका –२५, –४५, –६५ आणि लॉस सुमारे २२९२. w चा ग्रेडियंट, म्हणजे w बदलला की लॉस किती वेगाने बदलतो तो उतार, –२०६७ येतो, b चा –९०. त्यांना ०.०१ ने गुणून वजा केलं की w २०.६७ वर जातो. लॉस थेट दीड लाखापार! पुढच्या फेरीत w –१५२ च्या आसपास. या डेटावर लर्निंग रेट साधारण ०.००२१ च्या वर गेला की उत्तर दर फेरीला आणखी लांब फेकलं जातं. ही मर्यादा x च्या आकारावरून ठरते, म्हणून एकच आकडा सगळीकडे वापरता येत नाही.

मग ०.००१ घेऊ. पहिल्या फेरीत w = २.०७, b = ०.०९, लॉस १३.१. दुसरीत w = २.२०, b = ०.१०, लॉस ३.४७. इथून पुढे आलेख सपाट दिसू लागतो आणि “लॉस सपाट झाला की रेषा बसली” हे वाक्य इथेच फसवतं. हजार फेऱ्यांनंतरही b जेमतेम १.३ असतो आणि लॉस १.९. b पाचाच्या अगदी जवळ यायला सोळा हजारांच्या आसपास फेऱ्या लागतात. सगळे x शून्यापासून दूर, एकाच बाजूला असल्यामुळे w थोडा वाढवून b ची कमतरता बरीचशी झाकता येते. त्या दिशेने लॉस फारच हळू उतरतो. म्हणून लॉससोबत ग्रेडियंटही छापून बघा: हजाराव्या फेरीला b चा ग्रेडियंट अजून –१ च्या आसपास असतो. ते कन्व्हर्जन्स नव्हे, म्हणजे उत्तर अजून स्थिरावलेलं नाही.

माझ्या मते फेऱ्या वाढवण्याआधी x ठीक करावा. प्रत्येक अंतरातून सरासरी २० वजा करा आणि १० ने भागा. x आता –१, ०, १. लर्निंग रेट ०.५ घेतला की b पहिल्याच फेरीत ४५ वर पोहोचतो आणि तिथेच राहतो. w १३.३३, १७.७८, १९.२६ असा २० कडे जातो, दर फेरीला उरलेलं अंतर एक तृतीयांश होतं. परत किलोमीटरमध्ये आणताना २० ÷ १० = २ आणि ४५ – २ × २० = ५. नव्या स्टेशनचा अंदाज काढतानाही हेच २० वजा करून १० नेच भागायचं, नव्या डेटाची सरासरी घ्यायची नाही.